मावशीचा फोन ठेवायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मावशी सांगलीला असते, मी ठाण्यात. तिचं वय 74. तिचा फोन संध्याकाळी साडेसातच्या पुढेमागे येतो, म्हणजे माझी कणीक भिजवून झालेली असते आणि पोळ्या व्हायच्या असतात. एके काळी हा फोन तासभर चालायचा. आता वीस मिनिटांत संपतो आणि मावशी अजूनही माझ्याशी बोलते. मधल्या दीड-दोन वर्षांत काय काय करून पाहिलं, काय फसलं, आणि भावंडं-मैत्रिणी परत परत काय विचारतात, ते इथे एकत्र लिहिलंय. मावशीच्या जागी आत्या, काका, वन्सं, कोणीही धरा.

"ठेवते" म्हटल्यावरही प्रत्यक्ष ठेवायला पंधरा मिनिटं का लागतात?

कारण फोन एकट्याला ठेवता येत नाही, तो दोघांनी मिळून ठेवावा लागतो. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली नेमका याच गोष्टीवर एक निबंध लिहिला. लोक फोन कसे संपवतात हे त्यांनी ध्वनिमुद्रित संभाषणं ऐकून पाहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निरोपाच्या आधी कोणीतरी एक रिकामा शब्द टाकतं. आपल्याकडे तो "बरं", "चला मग", "बरं मग" असा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की माझ्याकडे नवीन विषय नाही, तुझ्याकडे आहे का? समोरच्यानेही "बरं" म्हटलं की निरोपाचं दार उघडतं. पण तिच्याकडे काही शिल्लक असेल, तर ते काढायची हीच जागा असते. म्हणून "अगं हो, सांगायचं राहिलंच" हे वाक्य नेमकं तुमच्या "चला मग"नंतर येतं. मावशी मुद्दाम करत नाही. तुम्हीच तिला विचारलंत, तिने उत्तर दिलं.

दारातल्या गप्पा आठवा. पाहुणे उठतात, चपला घालतात, आणि खरी बातमी उंबरठ्यावर सांगतात. फोनला उंबरठा नाही. तिथे "येते" असंही म्हणता येत नाही, "ठेवते" म्हणावं लागतं, आणि ते कानाला जरा तुटक लागतं. म्हणून आपण त्याला "हं" जोडतो, मग "बरं का" जोडतो, मग "काळजी घे" जोडतो, आणि त्या प्रत्येक जोडकामात नवा विषय शिरायला फट राहते.

पूर्वी हे काम बिल करायचं. एसटीडी बूथमध्ये समोरच्या यंत्रावर लाल आकडे सरकत असायचे आणि "बिल चढतंय गं, ठेवते" म्हटलं की कोणीही दुखावत नसे, कारण दोष दूरसंचार खात्याचा असायचा. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, कॉल फुकट झाले, आणि बाकीच्या कंपन्याही मागोमाग तिथेच आल्या. तेव्हापासून फोन संपवायची जबाबदारी आपल्या अंगावर पडली आहे, आणि त्यासाठीचे शब्द आपण अजून नीट शिकलेलो नाही.

मी तर "बाकी काय?" म्हणून संपवायला बघते, तरी पुन्हा अर्धा तास जातो.

जाणारच. "बाकी काय", "आणखी काय विशेष", "अजून काय म्हणतेस" ही वाक्यं आपल्याला संपवल्यासारखी वाटतात, पण ऐकणाऱ्याला तो सरळ प्रश्न वाटतो. समवयस्क मैत्रिणीला "बाकी काय?" म्हटलं तर ती "काही नाही गं, चाललंय" म्हणते, कारण तिलाही दुसरी कामं असतात. मावशीला म्हटलं तर ती खरोखर आठवायला लागते. मी एक महिना फक्त एवढंच केलं की "बाकी काय" तोंडातून काढायचं नाही. दुसरं काहीही न बदलता फोन आखडले. या सगळ्या पानातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

मग म्हणायचं काय? नेमकी वाक्यं सांगा.

एक खरा फोन जसाच्या तसा सांगते. मावशीचा फोन 7 वाजून 40 मिनिटांनी आला.

उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "बोल मावशी. आठपर्यंत निवांत आहे मी, मग पोळ्या करायच्यात. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते आधी सांग."

या वाक्यात तीन गोष्टी आहेत. वेळ सुरुवातीलाच सांगितली, त्यामुळे आठ वाजता ठेवणं अचानक आल्यासारखं वाटत नाही. कारण खरं आणि लहान आहे. आणि तिचा सगळ्यात महत्त्वाचा विषय मीच पुढे ओढला. एरवी काय होतं, तर पहिली चाळीस मिनिटं शेजारच्या लग्नात जातात आणि गुडघा येतो शेवटी, आपण ठेवायच्या घाईत असताना. मग गुडघ्याचं सांगणाऱ्या माणसाला तोडायचं कसं? मोठा विषय आधी काढून घेतला की तो प्रसंगच येत नाही.

पावणेआठ ते आठला पाच कमी असेपर्यंत मी मनापासून ऐकलं. भाजी चिरत नाही, टीव्ही बंद. अर्धवट ऐकलेला फोन लांबतो, कारण आपण ऐकत नाही हे तिला कळतं आणि ती तेच पुन्हा सांगते.

आठला पाच कमी असताना: "मावशी, पाच मिनिटं राहिली गं. सांगायचं काही राहिलंय का?"

हा प्रश्न पाच मिनिटं आधी विचारायचा असतो, निरोपाच्या तोंडावर नाही. "राहिलंच" यायचंच आहे, तर ते बसेल एवढी जागा हातात ठेवून त्याला आपणच बोलवायचं. त्या दिवशी राहिलेलं निघालं ते गुडघ्याच्या पट्ट्याचं. औषधांच्या दुकानात तिच्या मापाचा नव्हता, गुरुवारी येणार होता.

आठ वाजले. मी म्हटलं, "गुरुवारी तो पट्टा आला की लावून बघ. मी शनिवारी सकाळी दहाला फोन करते, तेव्हा बसला का सांग. ठेवते हं, मावशी."

ती म्हणाली, "अगं पण त्या वरच्या मजल्यावरच्यांचं सांगितलंच नाही."

"ते शनिवारी पहिलं. ठेवते." आणि लाल बटण दाबलं.

उबदारपणा पट्ट्यात आहे. शेवटचं वाक्य तिच्या गोष्टीबद्दल होतं, माझ्या पोळ्यांबद्दल नव्हतं. ठामपणा आहे तो "ठेवते" म्हणून खरोखर ठेवण्यात. आधी मी "ठेवते" चार-चार वेळा म्हणायची, त्यामुळे माझ्या पहिल्या तीन "ठेवते"ना काही किंमतच उरली नव्हती. आता दोन. पहिल्यानंतर तिचं एक वाक्य येतं, ते शनिवारच्या खात्यात जातं, दुसऱ्याला फोन ठेवला जातो.

"शनिवारी पहिलं" म्हटलं आणि विसरले तर?

तर पुढच्या वेळी हे वाक्य चालणार नाही. मी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवते: "शनि 10, पट्टा, वरचा मजला." शनिवारी फोन लावल्यावर पहिलं वाक्य, "काय गं, वरच्या मजल्यावरच्यांनी काय केलं?" मावशी तीन सेकंद गप्पच झाली होती. मग म्हणाली, "लक्षात ठेवलंस होय." त्यानंतर फोन ठेवताना तिची ओढाताण बरीच कमी झाली, कारण राहिलेली गोष्ट हरवत नाही हे तिला पटलं. खुद्द वरच्या मजल्याची गोष्ट गच्चीत वाळत घातलेल्या सांडग्यांवरून होती आणि चार मिनिटांत संपली.

ती श्वासच घेत नाही. मध्ये बोलायचं कुठे?

आधी तुमचा हुंकार बंद करा. कीर्तनाला, गोष्टीला हुंकार द्यायची आपल्याला सवय असते, आणि फोनवर चेहरा दिसत नसल्यामुळे आपण तो जास्तच देतो: "हं... हो ना... हं हं... अगं बाई!" प्रत्येक "हं" म्हणजे "पुढे सांग". ठेवायची वेळ आली की हुंकार थांबवून पूर्ण वाक्य बोलायला लागायचं.

मग जागा. गोष्टीच्या मधोमध तोडलं तर ती नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून शेपटाची वाट बघायची. प्रत्येकाचं शेपूट ठरलेलं असतं. माझ्या मावशीचं "जाऊ दे, आपल्याला काय करायचंय". एका काकांचं "असा सगळा प्रकार". दोन-तीन फोन नीट ऐकलेत तर तुमच्या माणसाचं तुम्हाला सापडेल. त्या शेपटानंतर आवाज खाली येतो आणि अर्धा सेकंद रिकामा असतो. तिथे हाक मारायची: "मावशी," आणि तिचाच शेवटचा शब्द उचलायचा. ती पाण्याच्या टँकरबद्दल बोलत असेल तर "टँकरचं खरंच अवघड झालंय गं मावशी. बरं, आता पाच मिनिटं राहिली बघ." तिचा शब्द तुमच्या तोंडून गेला की तिला आपण ऐकले गेलो असं वाटतं. "हो हो, बरं, ऐक ना, मला ना..." अशी सुरुवात केलीत तर ती आवाज वाढवून पुढे जाईल. मीही गेले असते.

एक गोष्ट मात्र तपासा. काही म्हातारी माणसं सलग बोलतात, कारण त्यांना कमी ऐकू येतं. ऐकण्यापेक्षा बोलणं त्यांना सोपं पडतं, आणि तुम्ही मध्ये बोललात हे त्यांना कळलेलंच नसतं. खूण अशी: तुम्ही "जेवलीस का?" विचारता आणि उत्तर येतं ते हवेचं. मागे टीव्ही मोठ्याने चालू असतो. आमच्याकडे निम्मा प्रश्न हाच निघाला. मावशी सवयीने डाव्या कानाला फोन लावायची आणि त्या कानाने तिला कमी ऐकू येत होतं. उजव्या कानाला लावायला लागल्यापासून तिला माझं "बरं" ऐकू येतं. कान तपासून घ्यायला नेलं ते वेगळंच.

कुकरची शिट्टी, दारावर कुरिअरवाला, रेंज नाही: हे चालेल का?

एकदा चालेल. मीही एकदा "दारावर कोणीतरी आलंय" म्हटलं. दुसऱ्या दिवशी फोनवर पहिलाच प्रश्न, "काल कोण आलं होतं गं?" माझी बोबडी वळली. मी कोणा शेजारणीचं नाव घेतलं, मग तिला काय हवं होतं ते सांगावं लागलं, आणि त्यात सात मिनिटं गेली. "आवाज येत नाहीये, हॅलो, हॅलो" तर त्याहून वाईट, कारण मावशी लगेच दुसऱ्यांदा लावते, तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्याच्या फोनवर लावते, आणि त्याला या नाटकाची कल्पना नसते. तो म्हणतो, "हो, आहे की इथेच, देतो."

"पोळ्या करायच्यात" हे कारण तिला कळतं. तिने पन्नास वर्षं पोळ्या केल्या आहेत.

आधी वेळ सांगितली तर तिला वाईट वाटेल.

पहिल्यांदा वाटलं. "बरं बाई, आता तुझ्याशी बोलायला अपॉइंटमेंट घ्यायची," असा टोमणा आला. मी त्यावर सफाई दिली नाही, हसून म्हटलं, "घे की, आठपर्यंतची तुझीच आहे." टोमण्याला लांब उत्तर दिलं की तोच एक नवा विषय होतो. दोन-तीन आठवडे असं चाललं. मग एकदा तीच म्हणाली, "तुला आठला ठेवायचंय ना, मग पटकन सांगते."

फसतं कुठे, तर आपण स्वतः वेळ पाळत नाही तिथे. आठ म्हणायचं आणि कंटाळा नसला की साडेआठपर्यंत बोलायचं, घाई असली की पावणेआठलाच ठेवायचं. मग तिच्यासाठी आठ या आकड्याला अर्थच राहत नाही. जास्त बोलायचं असेल त्या दिवशी सुरुवातीलाच नऊ सांगा.

ठरलेल्या दिवसाशिवाय मधे फोन आला तर उचला. सलग दोन-तीनदा नाही उचलला तर म्हाताऱ्या माणसाच्या मनात नको नको ते येतं आणि पुढचा फोन काळजीचा, म्हणून लांब होतो. "मावशी, सगळं ठीक ना? मी आत्ता बसमध्ये आहे, शनिवारी दहाला बोलू." वीस सेकंद लागतात.

सासूबाई किंवा आतेसासूबाई असतील तर? "ठेवते" म्हणणं उद्धट वाटतं.

इथे बऱ्याच जणी "ठेवू का?" म्हणतात. ते विनम्र आहे, पण तो प्रश्न आहे, आणि त्याला "थांब गं, जरा ऐक" हे उत्तर मिळू शकतं. मधला रस्ता असा: परवानगी वेळेची मागायची, ठेवायची नाही. "आई, रविवारी दुपारी चारला निवांत फोन करू ना?" त्यांनी "हो, कर" म्हटलं की तुमचं "बरं, मग आता ठेवते हं आई, नमस्कार सांगा बाबांना" सहज जातं. "नमस्कार सांगा" हे दोन शब्द देऊन आपल्या पूर्वजांनी उपकारच करून ठेवलाय. त्यानंतर नवा विषय काढणं फार कमी लोकांना जमतं.

काकांना, मामांना फोन करणाऱ्या पुतण्या-भाच्यांनाही हेच लागू. "आशीर्वाद असू द्या" पण चालतं, मात्र ते अतिवापराने गुळगुळीत होतं.

मी अमेरिकेत आहे. आईचा फोन माझ्या सकाळी, ऑफिसच्या घाईत येतो.

न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडची घड्याळं उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, हे आईला पाठ असायची गरज नाही, तुम्हाला असावं. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात आणि नीट बसलेली वेळ एका तासाने सरकते. आई बिचारी तिच्या नेहमीच्या वेळी लावते, तुम्ही मीटिंगमध्ये असता, आणि "हल्ली तुला वेळच नसतो" सुरू होतं. घड्याळ बदलायच्या आधीच्या रविवारी सांगून टाका. व्हिडिओ कॉल असेल तर ठेवताना हात हलवा, उठून उभे राहा. आवाजाला जे जमत नाही ते उठणाऱ्या माणसाला पाहून होतं.

कधी ठेवू नये?

ती रडत असेल, घरात मृत्यू किंवा दवाखाना असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा, पोळ्या बाहेरून मागवा. तेवढं कळतंच सगळ्यांना.

कळत नाही ते हे. तीच गोष्ट प्रत्येक फोनवर सांगणं हे वयाला साजेसं असू शकतं, तेवढ्यावरून लगेच घाबरू नका. पण एकाच फोनमध्ये दहा मिनिटांच्या अंतराने तीच गोष्ट नवी असल्यासारखी सांगितली, आज वार कोणता हे दोनदा विचारलं, नातवंडाचं नाव सापडेना, आणि हे सगळं गेल्या काही महिन्यांतच सुरू झालं असेल, तर तो बडबडेपणा समजू नका. जवळ राहणाऱ्या मुलाला किंवा सुनेला नेमकं काय ऐकलंत ते सांगा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. रोज फोनवर बोलणाऱ्याला हे घरातल्यांच्या आधी लक्षात येऊ शकतं.

तिलाही ठेवायचा असेल, असं होऊ शकतं का?

वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा. हार्वर्डच्या अ‍ॅडम मास्त्रोयानी आणि सहकाऱ्यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी माणसांच्या जोड्या गप्पांना बसवल्या आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, तुम्हाला कधी थांबायचं होतं? दोघांनाही हव्या त्या वेळी थांबलेल्या गप्पा शंभरात दोनच्या आसपास निघाल्या. समोरच्याला काय हवंय याचा अंदाज जवळजवळ कोणालाच नव्हता. काहींना आधी थांबायचं होतं, काहींना अजून बोलायचं होतं, पण दोन्हीकडचे लोक सभ्यपणाने गप्प बसले. घरच्यांशी, जवळच्यांशी झालेल्या गप्पांबद्दल लोकांना विचारलं, तेव्हाही चित्र फारसं वेगळं नव्हतं.

हे वाचल्यावर मी मावशीला सरळ विचारलं, पूर्वी आपण तास तास बोलायचो तेव्हा तुला कंटाळा नाही का यायचा?

ती म्हणाली, "अगं, आठला माझी मालिका असायची. पण तू 'बाकी काय, बाकी काय' करत बसायचीस, मला वाटायचं पोरीला एकटं वाटतंय. म्हणून बोलत राहायचे."